हलक्या ब्रॅकेटसाठी मटेरियल कसं निवडायचं: प्रॉपर्टी चार्ट, स्टिफनेस, वजन आणि किंमत

ब्रॅकेट हलका करायचाय म्हटलं की बहुतेक जण थेट अ‍ॅल्युमिनियम म्हणून मोकळे होतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते बरोबरही निघतं, पण का बरोबर निघतं हे माहीत नसेल तर जिथे ते चुकतं तिथेही आपण तेच करून बसतो. एक गोष्ट आधीच दाखवून ठेवतो. E म्हणजे मटेरियलचा इलॅस्टिक मॉड्युलस, त्याला डेन्सिटीने भागा. स्टीलचं उत्तर साधारण २७ येतं, अ‍ॅल्युमिनियमचं २५.५, टायटॅनियमचं २५.५ च्या आसपास, मॅग्नेशियमचंही २५.५ च्या आसपास (E गिगापास्कलमध्ये आणि डेन्सिटी पाण्याच्या किती पट ते धरून). म्हणजे दर किलोमागे मिळणारा स्टिफनेस चौघांचा जवळजवळ सारखाच आहे. मग अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट हलका का होतो? तर तो वाकण्याच्या लोडमध्ये असतो आणि त्याची जाडी वाढवायला आपल्याला मोकळीक असते म्हणून. ही मोकळीक काढून घेतली की फायदा गायब. या लेखात हीच गोष्ट एका ब्रॅकेटवर आकडे टाकून बघू, चार्ट कसा वापरायचा ते बघू, आणि शेवटी किंमत त्यात कशी आणायची ते.

आधी कागदावर: काय फिक्स, काय मोकळं

चार्ट उघडायच्या आधी पाच मिनिटं कागदावर घालवा, कारण खरा निर्णय तिथेच होतो. आपलं उदाहरण असं घेऊ: एका उभ्या फ्रेमला बोल्टने बसवलेला सपाट प्लेटचा ब्रॅकेट, १५० मिमी बाहेर आलेला, टोकावर २०० न्यूटनचा लोड म्हणजे साधारण २० किलोचं वजन, आणि टोक ०.५ मिमीपेक्षा जास्त खाली जाता कामा नये कारण त्यावर सेन्सर बसणार आहे असं समजा. रुंदी ४० मिमी, ती बोल्टच्या जागेमुळे ठरलेली. लांबी पण ठरलेली. मोकळी राहिली फक्त जाडी.

इथे चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून काढायच्या. हा पार्ट काय काम करतो (वाकणारी प्लेट, एका बाजूने धरलेली), कोणती अट मोडून चालणार नाही (२०० न्यूटनला ०.५ मिमी, म्हणजे स्टिफनेस ४०० न्यूटन प्रति मिमी), आपल्याला कमी काय करायचंय (वजन, आणि नंतर किंमत), आणि मोकळं माप कोणतं (जाडी, आणि अर्थातच मटेरियल). लोक चौथा प्रश्न सोडून देतात आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो.

एका टोकाला धरलेल्या प्लेटच्या स्टिफनेसचं सूत्र कुठल्याही स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या वहीत सापडेल:

```
S = E b h^3 / (4 L^3)
m = ρ b L h
```

S स्टिफनेस, b रुंदी, h जाडी, L लांबी, ρ डेन्सिटी, m वजन. आता h आपल्याला माहीत नाही आणि मटेरियल बदललं की तो बदलणार, म्हणून पहिल्या ओळीतून h काढून दुसरीत टाकायचा:

```
h = (4 S L^3 / (E b))^(1/3)
m = (ρ / E^(1/3)) × (S, b, L चं काहीतरी)
```

कंसातलं ते काहीतरी सगळ्या मटेरियलसाठी एकच आहे, कारण लोड आणि मापं बदलत नाहीत. मटेरियलवर अवलंबून असणारा भाग फक्त ρ भागिले E चं घनमूळ. वजन कमी हवं म्हणजे त्याचा उलटा आकडा, E^(1/3)/ρ, मोठा हवा. हाच आपला मटेरियल इंडेक्स. याला M म्हणू.

घनमूळ कुठून आलं ते नीट बघा, कारण सगळी मजा त्यात आहे. वाकताना स्टिफनेस जाडीच्या घनाने वाढतो. मटेरियलचा E तिप्पट कमी असला तरी जाडी तिप्पट करायची गरज नाही, ३ चं घनमूळ म्हणजे १.४४ पट केली की पुरतं. आणि अ‍ॅल्युमिनियमची डेन्सिटी तर स्टीलच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे. म्हणून जाडी दीडपट झाली तरी वजन अर्ध्यावर येतं.

चार्टवर रेघ कशी मारायची

मटेरियल प्रॉपर्टी चार्ट, ज्याला बरेच जण अ‍ॅशबी चार्ट म्हणतात, तो म्हणजे आडव्या अक्षावर डेन्सिटी, उभ्यावर E, आणि प्रत्येक मटेरियल फॅमिलीचा एक बुडबुडा. दोन्ही अक्ष लॉग स्केलवर असतात आणि ते मुद्दाम असतात, कारण फोमपासून टंगस्टन कार्बाइडपर्यंत E लाखो पटींनी बदलतो, साध्या स्केलवर सगळे प्लॅस्टिक आणि फोम खालच्या रेघेला चिकटून दिसले असते. लॉग स्केलचा दुसरा फायदा असा की E^(1/3)/ρ चा आकडा सारखा असलेली सगळी मटेरियल्स एका सरळ रेघेवर येतात आणि त्या रेघेचा उतार ३ असतो.

उतार ३ म्हणजे नेमकं काय ते असं काढा. डेन्सिटी १ (पाण्याइतकी) आणि E १ गिगापास्कल हा एक बिंदू घ्या. मग डेन्सिटी दहापट म्हणजे १०, आणि E हजारपट म्हणजे १००० गिगापास्कल हा दुसरा. दोन्ही जोडा. आडवं एक दशक गेलं की उभं तीन दशकं चढतो, म्हणून उतार ३. दोन्ही बिंदूंवर M चा आकडा १ येतो, पहिल्यावर १ भागिले १, दुसऱ्यावर १० भागिले १०. चार्टवर दशकांची लांबी आडवी-उभी सारखी नसते बऱ्याचदा, त्यामुळे कोनमापक लावून रेघ मारू नका, बिंदू जोडूनच मारा.

या रेघेच्या वर आणि डावीकडे जे आहे ते चांगलं, खाली आणि उजवीकडे आहे ते जड पडणार. स्टीलचा बुडबुडा या M = १ च्या रेघेखाली येतो, कारण त्याचा आकडा ०.७६ आहे. टायटॅनियम जेमतेम वर, १.१. अ‍ॅल्युमिनियम १.५ ला. आता पट्टी त्याच उतारावर ठेवून वर-डावीकडे सरकवत जायची, आणि रेघेच्या वर थोडेच बुडबुडे उरले की थांबायचं. M = २ ची रेघ मारायची तर डेन्सिटी १ ला E ८ आणि डेन्सिटी ५ ला E १००० हे बिंदू जोडा. त्या रेघेवर मॅग्नेशियम अगदी टेकलेलं दिसेल आणि कार्बन फायबर कॉम्पोझिट तिच्या वर.

आणि अजून दोन पाहुणे दिसतील ज्यांच्याकडे पहिल्यांदा चार्ट बघणाऱ्याचं हमखास लक्ष जातं: लाकूड आणि टेक्निकल सिरॅमिक्स. रेशांच्या दिशेने लाकडाचा E १० आणि डेन्सिटी ०.५ धरली तर M निघतो ४.३, म्हणजे कार्बन फायबरपेक्षाही कितीतरी वर. हे चार्टचं चुकलेलं नाहीये, सपाट प्लेट वाकवायची असेल तर लाकूड खरंच इतकं चांगलं आहे. पण आपल्या ब्रॅकेटला ते चालत नाही कारण बोल्टखाली रेशांच्या आडव्या दिशेने ते दबतं, बोल्टचा ताण हळूहळू सुटतो, आणि ओलाव्याने माप बदलतं. अ‍ॅल्युमिना सिरॅमिकचा M पण १.८ च्या वर येतो, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगला, पण टूल हातातून पडून त्यावर आपटलं तर तडा जाऊन संपलं. म्हणून रेघ मारायच्या आधी किंवा लगेच नंतर, चाळणी लावायची: फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे तडा पसरायला मटेरियल किती विरोध करतं तो आकडा, साधारण १५ MPa√m च्या वर हवा (धातूंसाठी ही चांगली ढोबळ सीमा आहे, पॉलिमर आणि कॉम्पोझिटला ती जशीच्या तशी लावू नका, त्यांचं तुटणं वेगळ्या पद्धतीने तपासावं लागतं), काम करायचं तापमान सहन व्हायला हवं, पाणी-तेल चालायला हवं. चाळणी म्हणजे हो किंवा नाही. तिथे थोडं चांगलं, थोडं वाईट असं काही नसतं. ही चाळणी आणि रेघ एकमेकांत मिसळली की गुण देण्याचे भलेमोठे तक्ते तयार होतात ज्यात एखादं मटेरियल ‘गंज’मध्ये शून्य मिळवूनही एकूण गुणांवर पहिलं येतं.

आकडे टाकून बघू

आपल्या मापांवर हिशोब केला तर जाडीचा घन बरोबर १३,५०,००,००० भागिले E (E मेगापास्कलमध्ये, मापं मिमीत) असा सोपा येतो, म्हणजे साडेतेरा कोटी भागिले E. स्टीलला E २,१०,००० धरा, उत्तर ६४३, घनमूळ ८.६ मिमी. अ‍ॅल्युमिनियमला ६९,००० धरा, १२.५ मिमी. बाकीची अशीच.

किंमतीसाठी मी इथे कुठल्याही चलनात भाव देत नाही, कारण ते सारखे हलतात. एक किलो माइल्ड स्टील म्हणजे १ युनिट, आणि बाकीच्यांचा किलोमागचा भाव त्याच्या किती पट एवढंच. खालचे पटीचे आकडे उदाहरण चालवण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या हातात कोटेशन आलं की तिथे तुमचे टाका.

| मटेरियल | E (गिगापास्कल) | डेन्सिटी | जाडी (मिमी) | वजन (ग्रॅम) | भाव (पट) | मटेरियल खर्च (युनिट) |
|---|---|---|---|---|---|---|
| माइल्ड स्टील | २१० | ७.८५ | ८.६ | ४०६ | १ | ०.४१ |
| अ‍ॅल्युमिनियम ६०६१ | ६९ | २.७० | १२.५ | २०३ | ३.५ | ०.७१ |
| मॅग्नेशियम प्लेट | ४५ | १.७७ | १४.४ | १५३ | १० | १.५३ |
| टायटॅनियम | ११४ | ४.४३ | १०.६ | २८१ | ४० | ११.२ |
| कार्बन फायबर, सगळ्या दिशांना सारखा | ५० | १.५५ | १३.९ | १२९ | ५० | ६.४५ |
| ३० टक्के ग्लासवालं नायलॉन | ७ | १.३७ | २६.८ | २२० | ४ | ०.८८ |

नायलॉनचा E मी मुद्दाम ७ धरलाय. डेटाशीटवर पहिल्यांदा दिसतो तो ९ किंवा १० च्या आसपासचा आकडा कोरड्या सॅम्पलचा असतो, आणि हवेतला ओलावा शोषून घेतल्यावर तो बराच खाली येतो. शिवाय कायमचा लोड असेल तर नायलॉन क्रीप होतं, म्हणजे आज ०.५ मिमी असलेलं डिफ्लेक्शन काही महिन्यांनी वाढलेलं दिसतं. सेन्सर धरणाऱ्या ब्रॅकेटला हे परवडत नाही. कार्बन फायबरचंही तसंच, ब्रोशरमधला १३० किंवा १४० हा आकडा एकाच दिशेच्या फायबरचा असतो, सगळ्या दिशांना सारखे थर लावले की ५० च्या आसपास उरतं. इथे चुकीचा आकडा उचलला तर सगळा तक्ता खोटा होतो.

ताकदीचं काय? ती एकदा तपासून टाकायची. मुळाशी येणारा ताण म्हणजे ४५०० भागिले जाडीचा वर्ग, या मापांवर. स्टीलमध्ये ६० मेगापास्कल, अ‍ॅल्युमिनियममध्ये २९, नायलॉनमध्ये ६. कुठेही यील्डच्या जवळपास नाही. म्हणजे हा ब्रॅकेट स्टिफनेसने ठरतोय, ताकदीने नाही, आणि अशा वेळी महागडा हाय-स्ट्रेंग्थ ग्रेड घेऊन काही म्हणजे काही मिळत नाही. ६०६१ च्या जागी ७०७५ घेतला तर यील्ड जवळजवळ दुप्पट होईल पण E ७० च्या आसपासच राहील, स्टीलला हीट ट्रीटमेंट केली तरी E २१० च्या जवळपासच राहतो. ‘टोक जास्त हलतंय, जरा चांगला ग्रेड लावू’ असं कोणी म्हणालं तर हा मुद्दा तिथेच सांगा, त्याने बरेच पैसे वाचतात.

मोकळं माप बदललं की उत्तर उलटं होतं

आता समजा डिझाइनमध्ये जाडीवर बंधन आलं. वरून एक झाकण बसतं आणि ब्रॅकेट ८ मिमीपेक्षा जाड नको, हवी तर रुंदी वाढवा. काम तेच, स्टिफनेस तोच, फक्त मोकळं माप जाडीऐवजी रुंदी झालं.

सूत्रात बघा, रुंदी b वर स्टिफनेस सरळ प्रमाणात अवलंबून आहे, घनाने नाही. म्हणून इंडेक्स होतो E/ρ, आणि चार्टवरच्या रेघेचा उतार ३ वरून १ वर येतो. उतार १ ची रेघ स्टील, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम आणि मॅग्नेशियम या चारही बुडबुड्यांतून एकदम जाते. चार्टवर हे पहिल्यांदा स्वतः रेघ मारून बघा, सांगून जेवढं पटतं त्यापेक्षा बघून जास्त पटतं.

आकड्यात: ८ मिमी जाडीच्या स्टीलला रुंदी ५० मिमी लागते, वजन ४७३ ग्रॅम. ८ मिमीच अ‍ॅल्युमिनियमला रुंदी १५३ मिमी लागते, वजन ४९५ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम जड पडलं, आणि ब्रॅकेट लांबीपेक्षा रुंद झाला! (इतक्या रुंद तुकड्याला साधं बीमचं सूत्र जेमतेमच लागू होतं, पण मुद्दा पोचावा.) त्याच जागेत अ‍ॅल्युमिनियम लावून ‘हलका केला’ म्हणणाऱ्या डिझाइनमध्ये बहुतेक वेळा स्टिफनेस गुपचूप कमी झालेला असतो, आणि ते नंतर व्हायब्रेशनमध्ये दिसतं.

मधली केसही असते. सेक्शनचा आकार कसाही मोठा करायला मोकळीक आहे पण रुंदी-जाडीचं प्रमाण तेच ठेवायचं, उदाहरणार्थ चौकोनी बार, तर इंडेक्स E^(1/2)/ρ होतो आणि उतार २. तिथे अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या १.६७ पट चांगलं, प्लेटमध्ये होतं तसं २ पट नाही. ब्रॅकेटला रिब दिल्या, कडा वाकवल्या, म्हणजे मटेरियल वाकण्याच्या मधल्या रेषेपासून लांब नेलं, तर हे चित्र अजून सरकतं, कारण पातळ स्टीलचा पत्रा कडा वाकवून तुम्ही आकारातूनच तो स्टिफनेस मिळवता जो अ‍ॅल्युमिनियम जाडीतून मिळवतं. माझं मत विचाराल तर मोठ्या संख्येने बनणारे ब्रॅकेट अजूनही प्रेस केलेल्या स्टीलचे दिसतात त्यामागे नुसता भाव नाही, हे पण एक कारण आहे. तुलना करताना सपाट अ‍ॅल्युमिनियमची सपाट स्टीलशी करा, रिबवाल्याची रिबवाल्याशी.

किंमत आत कशी आणायची

परत आपल्या मूळ ब्रॅकेटकडे, रुंदी ४०, जाडी मोकळी. फक्त स्वस्त हवं असतं तर इंडेक्समध्ये डेन्सिटीच्या जागी डेन्सिटी गुणिले भाव टाकायचा, आणि स्टील सरळ जिंकतं, ०.४१ युनिट. फक्त हलकं हवं तर कार्बन फायबर, १२९ ग्रॅम. दोन्ही हवं असेल तर दोन इंडेक्सची सरासरी वगैरे काढू नका, त्याला काही अर्थ नसतो.

त्याऐवजी एक साधा आलेख काढा, आडवं वजन, उभा खर्च, आणि सहा मटेरियलचे सहा ठिपके. खाली-डावीकडे असणं चांगलं. लगेच दिसतं की टायटॅनियम बाद, कारण ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जडही आहे आणि महागही, अशा ठिपक्याला निवडायचं कारणच नाही. सपाट प्लेटच्या रूपात नायलॉनही बाद, २२० ग्रॅम आणि ०.८८ युनिट, दोन्हीत अ‍ॅल्युमिनियमच्या मागे. उरले स्टील, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कार्बन फायबर. या चौघांत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की वजन उतरतं आणि खर्च चढतो, त्यामुळे आलेख एकटा आता निर्णय देत नाही.

निर्णय देतो तो एक प्रश्न: या प्रॉडक्टमध्ये एक किलो कमी झालं तर त्याची किंमत किती? या आकड्याला एक्स्चेंज कॉन्स्टंट म्हणतात, अक्षर α. मग प्रत्येक मटेरियलसाठी

```
Z = C + α m
```

काढायचं, C खर्च, m किलोमध्ये वजन, आणि सर्वात कमी Z ते निवडायचं.

α नेमका किती ते न कळताही पुढे जाता येतं, कारण आधी सीमा काढता येतात. स्टीलवरून अ‍ॅल्युमिनियमवर गेलं तर खर्च ०.३० युनिटने वाढतो आणि वजन ०.२०३ किलोने कमी होतं, म्हणजे वाचवलेला प्रत्येक किलो १.५ युनिटला पडला. अ‍ॅल्युमिनियमवरून मॅग्नेशियमवर जाताना किलोला साधारण १६ युनिट. मॅग्नेशियमवरून कार्बन फायबरवर जाताना किलोला २०० च्या आसपास, कारण वाचतात फक्त २४ ग्रॅम आणि खर्च वाढतो जवळपास ५ युनिट.

म्हणजे α १.५ च्या खाली असेल तर स्टील, १.५ ते १६ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, १६ ते २०० मध्ये मॅग्नेशियम, त्याच्या वर कार्बन फायबर. जमिनीला बोल्ट केलेल्या मशीनवर वजनाची किंमत जवळजवळ शून्य, तिथे स्टील. रस्त्यावरच्या गाडीत वाचलेल्या किलोची किंमत काही युनिट इतकीच असते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम. प्रवासी विमानात ती शेकड्यांत जाते आणि तिथे कार्बन फायबरला जागा मिळते. गाडीसाठी α ३ धरून बघा: स्टीलचा Z १.६३, अ‍ॅल्युमिनियमचा १.३२, मॅग्नेशियमचा १.९९, कार्बन फायबरचा ६.८ च्या वर. विमानासाठी ३०० धरा: अ‍ॅल्युमिनियम ६१.६, मॅग्नेशियम ४७.४, कार्बन फायबर ४५.२. शेवटच्या दोघांत फरक इतका कमी आहे की तिथे खरं तर Z निर्णय घेतच नाही, मग आग, गंज, जोडणी या गोष्टी ठरवतात.

स्वतःच्या प्रॉडक्टचा α कसा काढायचा असं विचाराल तर सगळ्यात वापरता येण्यासारखा रस्ता हा: त्याच मशीनमध्ये दुसरीकडे एक किलो कमी करायला किती खर्च येतोय ते बघा. बॅटरीच्या केसिंगमधून एक किलो काढायला ५ युनिट लागत असतील तर ब्रॅकेटमधल्या किलोसाठी १६ देण्यात अर्थ नाही. हलणाऱ्या पार्टमध्ये, उदाहरणार्थ रोबोटच्या हातावर टोकाला असलेला ब्रॅकेट, α खूप मोठा होतो कारण तिथला प्रत्येक ग्रॅम पाठीमागच्या मोटर आणि गिअरबॉक्सला उचलावा लागतो. तोच ब्रॅकेट बेसजवळ असेल तर α छोटा. एकाच मशीनमध्ये दोन वेगळे α असू शकतात आणि असायलाच हवेत.

सीमा किती पक्क्या आहेत हेही तपासा. अ‍ॅल्युमिनियमचा भाव ३.५ ऐवजी ५ पट धरला तर पहिली सीमा १.५ वरून ३ वर जाते, म्हणजे गाडीच्या उदाहरणात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम बरोबरीत येतात. आणि C मध्ये फक्त मटेरियल नको, बनवण्याचा खर्च पण टाका: मशीनिंगचा वेळ, वाया जाणारा चुरा, कोटिंग. टायटॅनियम हळू कापावं लागतं, मॅग्नेशियमला गंजापासून कोटिंग लागतं आणि त्याचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो, मोल्ड केलेल्या नायलॉनला मोल्डचा खर्च नगांच्या संख्येने भागून टाकावा लागतो. मोठ्या संख्येत आणि रिब देऊन मोल्ड केलं तर तेच नायलॉन परत आलेखात चांगल्या जागी येऊ शकतं, क्रीप चालत असेल तर.

शेवटची दोन कामं

पहिलं, मिळणारी जाडी. १२.५ मिमी हिशोबात आलं पण प्लेट १२ ची मिळते. १२ घेतली तर डिफ्लेक्शन ०.५७ मिमी होतं, अट मोडली, अर्धा मिमी जाडीने इतका फरक पडतो कारण परत घन. १५ घेतली तर ०.२९ मिमी पण वजन २४३ ग्रॅम. म्हणजे मग एक तर १५ किंवा १६ ची प्लेट घेऊन १३ पर्यंत मिल करा (२११ ग्रॅम), नाहीतर रुंदी थोडी वाढवून १२ मध्ये बसवा. स्टीलचंही १० वर गेलं तर ४७१ ग्रॅम होतं. मटेरियलची अंतिम तुलना नेहमी अशा खऱ्या जाड्यांवर करा.

दुसरं, बनवून झाल्यावर मोजा. सूत्र असं धरून चालतं की मुळाशी ब्रॅकेट अजिबात हलत नाही, पण बोल्ट, वॉशर आणि मागची फ्रेम सगळीच थोडी वाकतात. मूळ फक्त ०.००१ रेडियन फिरलं तरी १५० मिमी लांब टोक ०.१५ मिमी खाली जातं, म्हणजे तुमच्या ०.५ मधला ३० टक्के वाटा मटेरियलने काहीच न करता संपला. दोन डायल गेज लावा, एक टोकावर आणि दुसरा ब्रॅकेटच्या मुळाजवळच्या उभ्या भागावर वरच्या बाजूला, आणि लोड हळूहळू २०० न्यूटनपर्यंत न्या. दोन्ही गेजचे स्टँड फ्रेमवर नाही तर बाहेर वेगळ्या ठिकाणी ठेवा, नाहीतर फ्रेमचं वाकणं दिसणारच नाही. मुळाजवळचा गेज हलला, किंवा सुरुवातीच्या लोडला टोक जास्त आणि नंतर कमी दराने खाली गेलं, तर जोड बसतोय असं समजा. तेव्हा बोल्टमधलं उभं अंतर वाढवा, फ्रेमच्या मागे एक पॅच प्लेट लावा, बोल्ट योग्य टॉर्कला आवळा, आणि मगच परत मोजा.